मेश, बाउंड्री कंडिशन, कन्व्हर्जन्स: एका ब्रॅकेटचा रिपोर्ट मराठीत मांडताना

चाकण, भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या कारखान्यात डिझाइन रिव्ह्यूला जे लोक बसतात, त्यांच्यातला एखाददुसराच फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे भाराखाली भाग किती वाकेल आणि टिकेल का याचं संगणकावरचं गणित, करणारा असतो. बाकी बेंडिंगचा सुपरवायझर, असेंब्लीचा फिटर, क्वालिटीवाले, पर्चेसवाले. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि चर्चा मराठीत होते. रंगीत चित्र पडद्यावर येतं, लाल ठिपका कुठे आहे ते सगळे बघतात, "सेफ आहे ना?" असं कुणीतरी विचारतं, "हो" असं उत्तर येतं आणि पुढचं पान उघडतं. गंमत अशी, की ब्रॅकेट कॉलमवर प्रत्यक्षात कसा बसतो हे टेबलावर सगळ्यांत चांगलं फिटरला ठाऊक असतं. रिपोर्टमधलं सगळ्यांत नाजूक गृहीतक तोच तपासू शकतो. पण ते गृहीतक 'रिअर फेस फिक्स्ड' अशा तीन शब्दांत लिहिलेलं असतं आणि त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून अशा रिपोर्टचं मराठी करताना कोशातला प्रतिशब्द शोधण्यावर थांबून चालत नाही. समोरच्याला त्या वाक्यावर प्रश्न विचारता आला पाहिजे. हे कसं करायचं ते एकाच ब्रॅकेटवर पाहू. त्याचं गणित कागदावर करता येतं, त्यामुळे सॉफ्टवेअर काय म्हणतंय ते पडताळायलाही सोपं जाईल.

आपला ब्रॅकेट

10 मिलिमीटर जाडीची, 80 मिलिमीटर रुंदीची स्टीलची पट्टी काटकोनात वाकवून इंग्रजी एल अक्षरासारखा ब्रॅकेट केला आहे. उभा पाय कॉलमला टेकतो, आडवा पाय खालच्या टोकाला आहे आणि बाहेर येतो. उभ्या पायात एका ओळीत दोन बोल्ट आहेत. आडव्या पायापासून बोल्टपर्यंतचं अंतर 60 मिलिमीटर. कोपऱ्यापासून 150 मिलिमीटरवर, आडव्या पायाच्या टोकाला, 1000 न्यूटन भार येतो. शॉपवरच्या भाषेत साधारण शंभर किलो. स्टील आयएस 2062 मधलं ई250, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 250 न्यूटनपर्यंत ते कायमचं वाकत नाही. ग्राहकाची अट अशी, की टोक 1 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली येता कामा नये.

हाताने केलेलं ढोबळ गणित असं आहे:

```
σ = 6PL / (b t²) = 6 × 1000 × 150 / (80 × 10²) = 112.5 N/mm²
δ = PL³ / (3EI) = 0.84 mm
```

पहिली ओळ आडव्या पायाच्या मुळाशी येणारा स्ट्रेस सांगते, दुसरी टोक किती झुकेल ते. दुसरीत `I` म्हणजे पट्टीच्या छेदाचा वाकण्याला होणारा विरोध आणि `E` म्हणजे स्टीलचा ताठपणा, 2 लाख न्यूटन दर चौरस मिलिमीटर. दोन्ही उत्तरं मर्यादेत बसतात. बऱ्याच रिव्ह्यूमध्ये गोष्ट इथेच संपली असती.

'स्ट्रेस' हा शब्द मी तसाच ठेवतो. पाठ्यपुस्तकात 'प्रतिबल' असतं आणि ते चूक नाही, पण शॉपवर कुणी वापरत नाही. 'ताण' म्हटलं तर ऐकणाऱ्याला फक्त ओढ आठवते, आणि मग 'दाबाचा ताण' असलं विचित्र बोलावं लागतं. एकदाच सांगून टाकावं, की दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला आलेलं बळ म्हणजे स्ट्रेस. त्याचं एककही बदलून सांगावं. 145 मेगापास्कल म्हटलं की चेहरे कोरे राहतात. तोच आकडा दर चौरस मिलिमीटरवर जवळपास 15 किलो असा सांगितला की सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर काहीतरी येतं. मेगापास्कल आणि न्यूटन दर चौरस मिलिमीटर हे एकच आहे, एवढं ठाऊक असलं की पुरे.

मेश: जाळी, पण तारेची नव्हे

'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी 1960 साली दिलं. कॅल्क्युलसमध्ये वस्तूचे अनंत सूक्ष्म भाग कल्पायचे असतात. इथे मात्र तुकडे मोजता येण्याइतके मोठे ठेवायचे, प्रत्येकाचं साधं गणित मांडायचं आणि सगळी समीकरणं एकत्र सोडवायची. त्या नावातल्या 'फायनाइट'चा रोख एवढाच आहे. 'मर्यादित घटक' हे भाषांतर ऐकून काहीतरी कमी पडतंय असं वाटतं, आणि 'एलिमेंट'चं 'मूलद्रव्य' झालं की संपलंच. 'तुकडा' म्हणावं.

मेशला 'जाळी' हा शब्द आधीपासून रुळलेला आहे आणि चांगलाही आहे. फक्त चित्रातल्या रेषा पाहून काही जणांना वाटतं की ब्रॅकेटला भोकं पाडली आहेत किंवा आत तारा आहेत. तेव्हा पहिल्याच वेळी स्पष्ट करावं: रेषा या तुकड्यांच्या कडा आहेत आणि मधला सगळा भाग भरीव स्टील आहे. तुकड्यांचे कोपरे जिथे मिळतात त्या बिंदूंना 'गाठी' म्हटलेलं जाळीशी जुळतं. 'सांधा' म्हणू नये, कारण शॉपवर सांधा म्हणजे वेल्ड. तुकडे मोठे असतील तर जाळी विरळ, लहान असतील तर दाट. 'जाड जाळी' म्हटलं की पत्र्याच्या जाडीशी घोटाळा होतो. 'रिफाइन केली' याचं मराठी 'दाट केली' एवढंच, त्यात शुद्ध करण्यासारखं काही नाही.

जाळीबद्दल टेबलावरच्या कुणालाही विचारता येईल असा एक प्रश्न आहे: जाडीत किती तुकडे आहेत? आपली पट्टी वाकते तेव्हा वरचा पृष्ठभाग ओढला जातो, खालचा दाबला जातो आणि मधोमध स्ट्रेस शून्य असतो. दहा मिलिमीटरच्या जाडीत साध्या प्रकारचा एकच भरीव तुकडा असेल तर हा बदल त्याला नीट दाखवता येत नाही. अशी जाळी पट्टीला खऱ्यापेक्षा ताठ समजू शकते आणि टोक कमी झुकतंय असं सांगते. याचा अर्थ उत्तर चुकतं ते धोक्याच्या बाजूला. जाळी जाडीत किमान तीन-चार थरांची हवी, किंवा वाकणं नीट पकडणाऱ्या प्रकारचे तुकडे हवेत. कोणता प्रकार वापरला, ते ॲनालिस्टने सांगावं.

बाउंड्री कंडिशन: कुठे धरलंय आणि कसं

या शब्दाला 'सीमा-अट' किंवा 'सीमांत अट' म्हणता येतं, आणि गणिताच्या वर्गात ते ठीक आहे. रिव्ह्यूमध्ये 'सीमा' ऐकून माणूस ब्रॅकेटच्या बाह्यरेषेकडे बघतो. खरा प्रश्न असतो की आपण वस्तू कुठे धरली, कुठे टेकवली आणि कुठे मोकळी सोडली. मी 'आधाराच्या अटी' म्हणतो आणि खाली लगेच वाक्यात उलगडून लिहितो. 'फिक्स्ड'चं भाषांतर 'कायम' किंवा 'निश्चित' करू नये. 'जखडलेलं' हा शब्द फिटरला लगेच कळतो: ना सरकणार, ना फिरणार.

आता आपल्या ब्रॅकेटकडे येऊ. 0.84 मिलिमीटर हे उत्तर आलं, तेव्हा आपण नकळत उभ्या पायाची सगळी पाठ कॉलमला जखडली होती. जणू पाठीचा प्रत्येक चौरस मिलिमीटर कॉलमला वेल्ड केलेला आहे. रिपोर्टमधले 'रिअर फेस फिक्स्ड' हे तीन शब्द तेच सांगतात. मराठीत लिहायचं तर: 'उभ्या पायाची पूर्ण पाठ कॉलमला चिकटलेली मानली आहे.' हे वाक्य वाचल्यावर फिटर तिथल्या तिथे म्हणेल, "अहो, आपण तर दोनच बोल्ट लावतो."

बरं, मग फक्त बोल्टपाशी जखडू या आणि बाकीची पाठ मोकळी सोडू. आता कोपरा आणि बोल्ट यांच्यामधला 60 मिलिमीटरचा उभा पायही वाकतो. तो वाकला की कोपरा फिरतो, आणि कोपरा थोडासा फिरला तरी 150 मिलिमीटर दूर असलेलं टोक बरंच खाली जातं. गणित केलं तर ही जादा घसरण 1.01 मिलिमीटर येते. एकूण 1.85. ब्रॅकेट तोच, भार तोच, स्टील तेच. फक्त धरण्याची पद्धत बदलली आणि उत्तर दुपटीच्या पुढे गेलं. आधी ज्या अटीत आरामात बसत होतो तिच्यात आता सपशेल नापास.

हेही उत्तर मात्र खरं नाही, आणि ते खरं नाही हे चित्रात दिसतं. भार खाली ओढतो तेव्हा ब्रॅकेट बोल्टभोवती फिरू पाहतो आणि त्याची टाच, म्हणजे खालचा मागचा कोपरा, कॉलमच्या दिशेने जाते. पाठ मोकळी सोडल्यामुळे टाचेला कॉलम दिसतच नाही. ती 0.2 मिलिमीटर कॉलमच्या आत शिरते. स्टीलमध्ये स्टील. झुकण्याचं चित्र शंभर पट मोठं करून दाखवायला सांगितलं तर ही घुसखोरी कुणालाही दिसेल, त्यासाठी इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही. चित्र किती पट वाढवलं आहे हे बाजूला लिहिलेलं असतं, तेही मोठ्याने वाचून दाखवावं. नाहीतर पर्चेसच्या माणसाला वाटतं की ब्रॅकेट खरोखरच एवढा वाकणार आहे.

खरी स्थिती या दोन्हींच्या मधली आहे. बोल्ट धरून ठेवतात आणि टाच कॉलमला टेकते. टेकते म्हणजे दाबली जाते, पण ओढलं तर सुटते. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा काँटॅक्ट. त्याचे दोन प्रकार इथे कामाचे आहेत आणि मराठीत त्यांना चपखल शब्द आहेत: एक 'चिकटलेलं', दुसरं 'टेकलेलं'. चिकटलेल्या पृष्ठभागांमध्ये फट पडूच शकत नाही. टेकलेल्यांमध्ये पडू शकते. दोन भाग शेजारी आणले की बरीच सॉफ्टवेअर मुळात चिकटलेलं असंच गृहीत धरतात. कुणी मुद्दाम बदललं नाही तर तेच राहतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये विचारायचं: टेकलेलं की चिकटलेलं? फक्त दोनच उत्तरं शक्य आहेत आणि दोन्हींचा अर्थ सगळ्यांना कळतो.

टाच टेकलेली आणि बोल्टपाशी पट्टी घट्ट धरलेली, असं मांडलं की टोक सुमारे 1.10 मिलिमीटर खाली येतं. बोल्टपाशी पट्टी मोकळेपणाने फिरू शकते असं मानलं तर 1.18. बोल्टची पकड प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, तेव्हा उत्तर याच पट्ट्यात असणार. ग्राहकाची मर्यादा 1 मिलिमीटरची आहे. म्हणजे 10 मिलिमीटरची पट्टी पुरत नाही, आणि 'रिअर फेस फिक्स्ड' या तीन शब्दांवरून कुणी पुढे गेलं नसतं तर हे ड्रॉइंग मंजूर झालं असतं.

आधाराची तपासणी करायचा एक जुना आणि साधा मार्ग आहे: आधारांनी परत दिलेलं बळ बघणं. खाली 1000 न्यूटन लावले, तर आधारांनी मिळून वर 1000 न्यूटन दिलेच पाहिजेत. आडव्या दिशेला बेरीज शून्य हवी. टाच जेवढी दाबली जाते तेवढेच बोल्ट ओढले जातात, आणि आपल्या ब्रॅकेटमध्ये ही ओढ 2500 ते 3750 न्यूटनच्या दरम्यान येते. भार शंभर किलोचा आणि बोल्टवर अडीचशे ते पावणेचारशे किलोंची ओढ, हे ऐकून पहिल्यांदा लोक दचकतात. 150 मिलिमीटरच्या हाताने 60 मिलिमीटरच्या अंतरावर पहार लावल्यासारखं ते आहे, तेव्हा ओढ वाढणारच. पाठ जखडलेल्या मॉडेलमध्ये टाच आणि बोल्ट वेगळे दिसतच नाहीत. आधाराचं बळ तिथेही 1000 येतं आणि ताळाही जुळतो, पण बोल्टवर काय येतं हे त्यातून कळत नाही.

कन्व्हर्जन्स: एक इंग्रजी शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

इथे भाषांतर खरोखर अवघड होतं. 'अभिसरण' लिहिलं तर मराठी वाचकाला रक्ताभिसरण आठवतं, फार तर शाळेतलं उष्णतेचं अभिसरण. गणितात 'अभिसारी श्रेणी' आहे, पण ती आठवणारे टेबलावर किती असणार? त्याहून मोठी अडचण अशी, की रिपोर्टमध्ये हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो. इंग्रजी वाचणाराही फसतो. मराठीत दोन शब्द वापरले तर ही फसगत टळते, म्हणजे इथे मराठी रिपोर्ट मूळ इंग्रजीपेक्षा सरस होऊ शकतो.

पहिला अर्थ सॉफ्टवेअरच्या आतल्या गणिताचा. टाच टेकलेली आहे असं मांडलं की कुठला भाग टेकणार आणि कुठला सुटणार हे आधी माहीत नसतं. सॉफ्टवेअर एक अंदाज धरतं, गणित करतं, बळांची बेरीज बघतं. बाहेरून लावलेलं बळ आणि आतून उभं राहिलेलं बळ यांच्यात फरक उरतो. मग अंदाज सुधारून पुन्हा गणित. उरलेला फरक ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ते थांबतं आणि 'सोल्यूशन कन्व्हर्ज्ड' असं लिहितं. यासाठी मी 'ताळा जुळला' म्हणतो. हिशेबाची वही ठेवणारा माणूस जे म्हणेल तेच. ताळा जुळला म्हणजे वहीतली बेरीज बरोबर आहे. मूळ नोंदच चुकीची असेल तर ताळ्याने ती पकडली जात नाही.

ताळा जुळला नाही तर पुष्कळदा एक पळवाट काढली जाते. टेकलेलं काढून चिकटलेलं केलं की सॉफ्टवेअरला अंदाज करायचं कामच उरत नाही आणि उत्तर झटक्यात येतं. आपल्या ब्रॅकेटमध्ये त्याचा अर्थ 1.10 ऐवजी पुन्हा 0.84. रिपोर्टमध्ये तरीही 'कन्व्हर्ज्ड' हाच शब्द दिसतो, आणि तो खोटाही नसतो. म्हणून ताळा जुळल्याचं वाक्य वाचलं की मागचं पान उलटून आधाराच्या अटी पुन्हा बघाव्यात.

दुसरा अर्थ जाळीचा. जाळी दाट करत गेलो तर उत्तर बदलत राहतं का, की एका आकड्यापाशी येऊन थांबतं? याला 'आकडा स्थिरावला' म्हणावं. मराठीत या वाक्याचा एक फायदा आहे: लगेच प्रश्न येतो, कोणता आकडा? नुसतं 'जाळी स्थिरावली' म्हणताच येत नाही. टोकाची घसरण विरळ जाळीतही लवकर स्थिरावते, कारण ती सगळ्या ब्रॅकेटच्या वाकण्याची गोळाबेरीज आहे. कोपऱ्यातला स्ट्रेस उशिरा स्थिरावतो, कारण तो एका चिमुकल्या जागेत झपाट्याने बदलतो. घसरण स्थिरावली हे दाखवून स्ट्रेसचा आकडा पुढे रेटणं हे रिपोर्टांमधलं नेहमीचं दृश्य आहे.

आपल्या ब्रॅकेटला बेंडिंगमध्ये आतून 10 मिलिमीटरची गोलाई येते असं धरू. वाकलेल्या पट्टीच्या सूत्राने आतल्या कडेचा स्ट्रेस काढला तर तो साधारण 145 येतो, सरळ पट्टीच्या 112.5 च्या सव्वापटीहून थोडा जास्त. गोलाईपाशी जाळी दर वेळी दुप्पट दाट करत गेलो, तर सॉफ्टवेअरचे आकडे 131, 140, 144, 145 अशा धर्तीवर सरकताना दिसायला हवेत. पहिली उडी सात टक्क्यांची, दुसरी तीनची, तिसरी एक टक्क्यापेक्षा कमी. असा उतरता फरक दिसला की आकडा स्थिरावला म्हणायचं. फक्त एकाच जाळीचं उत्तर दिलेलं असेल तर स्थिरावण्याबद्दल काहीही बोलता येत नाही, मग जाळी चित्रात कितीही दाट दिसो.

आता गोलाई काढून टाकू. मॉडेल हलकं व्हावं म्हणून लहान गोलाया पुसून टाकायची पद्धत आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याने बिघडत नाही. इथे बिघडतं. आतला कोपरा धारदार काटकोन झाला की तिथला स्ट्रेस सिद्धांतानुसार अनंत असतो. जाळी जितकी दाट कराल तितका आकडा चढत जातो. अशा काटकोनी खोबणीत, जाळी पुरेशी दाट झाल्यावर, तुकडा निम्मा केला की स्ट्रेस दर वेळी साधारण 1.37 पट होतो. समजा एका जाळीत 180 आला. पुढच्या जाळीत 247, त्यापुढे 338, मग 464. थांबायचं नावच नाही. 180 वर थांबलात तर ब्रॅकेट पास, 338 वर थांबलात तर नापास, आणि दोन्ही वेळा ताळा तंतोतंत जुळलेला.

रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या आकड्याने घबराट उडते आणि पहिल्याने खोटा दिलासा मिळतो. या चढत्या आकड्याला इंग्रजीत सिंग्युलॅरिटी म्हणतात. मराठीत मी 'धारेचा आकडा' लिहितो आणि शेजारी स्पष्ट करतो, की तो स्टीलचा गुण नाही, मॉडेलमधल्या धारदार कोपऱ्याचा परिणाम आहे. ओळखायची खूण म्हणजे फरक उतरण्याऐवजी टिकून राहणं किंवा वाढणं, आणि लाल ठिपका जाळी दाट करताना आकसत जाऊन एका गाठीपुरता उरणं. जखडलेल्या भागाची कड, बोल्टच्या भोकाची जखडलेली किनार, एकाच गाठीवर लावलेला भार, इथेही हाच आजार दिसतो. उपाय जाळीत नाही. खरी गोलाई मॉडेलमध्ये परत घालायची.

आणि ती गोलाई किती, हे सुपरवायझरला विचारायचं. ड्रॉइंगवर रेडियस लिहिलेला नसेल तर प्रेस ब्रेकवर जो पंच आणि डाय चढलेला असेल त्यानुसार येईल तो रेडियस. त्याने 5 मिलिमीटर आणला तर त्याच सूत्राने स्ट्रेस 145 वरून 171 वर जातो, शिवाय एवढ्या जाड पट्टीला वाकवताना बाहेरच्या बाजूने तडे जायची भीती वेगळीच. म्हणजे आकडा कुठे स्थिरावला हे सांगणाऱ्या वाक्यात रेडियस यायलाच हवा.

रिपोर्टमधलं वाक्य कसं लिहायचं

शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर असं दिसतं: 'मेश अभिसरण साध्य झाले असून सीमांत अटींखाली कमाल फॉन मिसेस ताण 145 मेगापास्कल आढळला, सुरक्षा गुणांक 1.72.' व्याकरणात चूक नाही. पण यावर 'हो का?' याखेरीज काय बोलणार?

तेच मी असं लिहीन: 'बोल्टपाशी ब्रॅकेट एकदा जखडून आणि एकदा मोकळा फिरू देऊन गणित केलं आहे. टाच कॉलमला टेकलेली आहे, चिकटलेली नाही. आतली गोलाई 10 मिलिमीटर धरली आहे. गोलाईपाशी जाळी तीनदा दाट केली, शेवटच्या वेळी स्ट्रेस 1 टक्क्याहून कमी बदलला आणि 145 वर स्थिरावला. पट्टी कायमची वाकायला 250 लागतात. टोक 1.10 ते 1.18 मिलिमीटर खाली येतं, मर्यादा 1 आहे.' लांबी वाढली खरी. पण यातल्या प्रत्येक तुकड्यावर टेबलावरचा कुणीतरी 'हे असं नाही' म्हणू शकतो. 'यील्ड'ला इथे प्रतिशब्दच वापरलेला नाही, 'कायमची वाकायला' एवढ्याने भागतं. आणि जे नापास आहे ते शेवटच्या वाक्यात उघड दिसतं. भाषांतर केलेल्या वाक्यात घसरणीचा उल्लेखही नव्हता.

या ब्रॅकेटचा निर्णय मग सरळ आहे. पट्टी 12 मिलिमीटरची केली तर ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे 1.73 पट, आणि घसरण 0.64 ते 0.68 मिलिमीटरवर येते. आतली गोलाईही 12 केली तर स्ट्रेस 101 च्या आसपास. वजन वीस टक्क्यांनी वाढतं, त्याबद्दल पर्चेसवाले कुरकुर करतील. पट्टी 10 चीच ठेवून बोल्ट कोपऱ्याच्या जवळ आणायचा पर्यायही आहे. 60 चे 30 मिलिमीटर केले तर घसरण 0.97 ते 1.01 येते, पण बोल्टवरची ओढ दुप्पट होते. कागदावर मर्यादेच्या काठावर बसणारं उत्तर मी तरी घेणार नाही.

ड्रॉइंगवर दोन नोंदी वाढतात: आतला रेडियस किमान 12, आणि टाचेखाली कॉलमवर रंगाचा थर किंवा वेल्डचा उंचवटा नको, कारण टाच टेकते हे गृहीत धरूनच सगळं गणित केलं आहे. या रिपोर्टमध्ये स्थिर भार तपासला आहे. ब्रॅकेटवर मोटर बसणार असेल आणि तो सतत थरथरणार असेल, तर थकव्याचं गणित वेगळं करावं लागेल, आणि ते झालेलं नाही हेही त्याच पानावर मराठीत लिहावं.